चोखोबांनी देह ठेवला, तो इंग्रजीत कुठे ठेवायचा?

फाईल आली तेव्हा सोबत दोनच ओळींचा मेल होता, लेखाचा इंग्रजी अनुवाद झालेला आहे, फक्त भाषेवरून एक हात फिरवा. हा 'फक्त एक हात' आता मला चांगला ओळखीचा झालाय. लेख मूळ मराठीत, वारकरी संतपरंपरेवर, लिहिणारे सर निवृत्त प्राध्यापक, आयुष्य पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या आसपास गेलेलं, आणि अनुवाद करणारा मुलगा पंचविशीचा, इंग्रजी झकास. व्याकरणाची चूक शोधून सापडणार नाही. तरीपण वाचताना दर दोन ओळींनी ठेच लागत होती, आणि का लागतेय हे कळायला मला जवळजवळ आठवडा गेला.

पहिली ठेच लगेच कळली म्हणा. सेंट ज्ञानेश्वर, सेंट नामदेव, सेंट तुकाराम, सेंट चोखामेळा, पानभर नुसते सेंट. मराठीत आपण नावाआधी 'संत' लावतो ते सवयीने, शाळेच्या पुस्तकापासून. पण इंग्रजीत नावाआधी सेंट आलं की सेंट पीटरच्या रांगेतच जाऊन बसायचं, म्हणजे कुणीतरी चौकशी केली, चमत्कार तपासले आणि मग चर्चने ती पदवी दिली असं काहीतरी. चोखोबांना कोण पदवी देणार होतं, त्यांना देवळात घेत नव्हते. आणि गंमत म्हणजे हे दोन शब्द दिसायला सख्खे भाऊ वाटले तरी नात्याने कुणीच नाहीत. संत हा 'सत्'वरून आला, म्हणजे जे आहे ते, खरं ते. सेंट आला लॅटिनमधल्या सँक्टुसवरून, म्हणजे पवित्र ठरवलेला. या विषयावर इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक बऱ्याचदा 'संत' हाच शब्द रोमन लिपीत ठेवतात आणि पहिल्यांदा आला की एकदा समजावून सांगतात, ते मला पटतं. नावाआधीचे सगळे सेंट काढले, नुसतं तुकाराम, नुसतं नामदेव. जिथे सामान्यनाम म्हणून हवं होतं तिथे संत. (वर्ड त्याखाली लाल रेघ मारून 'सँटा' सुचवत राहिला, त्याला शेवटी डिक्शनरीत घालून गप्प केलं.)

'संप्रदाय'चं दुखणं वेगळं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत यासाठी कल्ट हा शब्द बिनधास्त वापरलेला दिसतो, आणि तेव्हा तो साधा होता, उपासनापद्धती एवढाच त्याचा अर्थ. आज कल्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे कुठलातरी बंद आश्रम आणि पळून गेलेली पोरं येतात. सेक्ट म्हटलं की मोठ्या चर्चमधून फुटून निघालेला गट. आमच्या अनुवादकाने शहाणपणाने ट्रॅडिशन घेतलं, पण 'परंपरा'लाही ट्रॅडिशनच, त्यामुळे सरांचं 'वारकरी संप्रदायाची परंपरा' इंग्रजीत 'ट्रॅडिशन ऑफ द वारकरी ट्रॅडिशन' होऊन बसलं. यावर मी दोन दिवस समानार्थी शब्द हुडकत बसले. मग लक्षात आलं की निम्म्या ठिकाणी इथे संप्रदाय हे नाम लागतच नाहीये. मराठीत 'वारकरी संप्रदायात एकादशीला महत्त्व आहे' असं आपण लिहितो, इंग्रजीत सरळ वारकरी एकादशी पाळतात, संपलं. माणसांना कर्ता केलं की वाक्य चालायला लागतं.

ही गोष्ट तेव्हा मला एक किरकोळ युक्ती वाटली होती. पण पुढे सगळा लेख त्याच एका प्रश्नावर आला, की या वाक्यात बोलतंय कोण.

ज्या परिच्छेदाने मला खरं घाम फोडला तो चोखामेळ्यांवरचा. सरांचं वाक्य असं होतं, तसंच्या तसं देते:

"हीन जातीत जन्मूनही भक्तीच्या बळावर संतपदाला पोचलेल्या चोखोबांनी शके 1260 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता देह ठेवला व नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या घोषावरून ओळखून, पंढरपुरास आणून, महाद्वारी समाधी बांधली."

मराठीत हे वाक्य सुंदर आहे. एका दमात जन्म, मरण, हाडं, पंढरपूर, समाधी, सगळं येतं आणि कुठे अडखळायला होत नाही, कारण 'करीत असता', 'ओळखून', 'आणून' या साखळीने आपण आरामात पुढे सरकतो. अनुवादकाने ती साखळी कडीला कडी जोडून इंग्रजीत नेली, हॅविंग रेकग्नाइज्ड, हॅविंग ब्रॉट, आणि मधोमध ते अजरामर 'सेंट चोखामेळा केप्ट हिज बॉडी'. देह ठेवला. कुठे ठेवला? फ्रीजमध्ये? मी एकटीच हसले खूप, आणि मग हसू ओसरलं कारण मलाही पटकन सुचेना की काय लिहू.

एक तर वाक्याचे तुकडे करायला हवे होते, तीन तरी. ते सोपं काम. पण तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहिला तेव्हा दिसलं की या एका वाक्यात तीन वेगळे लोक बोलतायत.

'हीन जातीत जन्मूनही' हे कोण म्हणतंय? मराठी वाचकाच्या कानात लगेच चोखोबांचा अभंग वाजतो, 'हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा'. सर तो शब्द तिथूनच उचलतायत, त्यांच्या मनात ते अवतरणच आहे, फक्त अवतरणचिन्हं नाहीत. इंग्रजीत मात्र 'इन्फिरियर कास्टमध्ये जन्मूनही' असं आलं की ते थेट लेखकाचं मत होतं. 2020 नंतरचा एक प्राध्यापक एका जातीला हीन म्हणतोय, असं. समीक्षकाने पहिल्याच वाचनात लाल शेरा मारला असता आणि बरोबरच केलं असतं. आणि 'जन्मूनही'मधला तो 'ही' आणखी वाईट, जणू तिथे जन्मलेल्याकडून अपेक्षाच नव्हती. अनुवादकालाही काहीतरी खटकलं असावं, कारण पुढच्या पानावर त्याने 'दलित संत' केलं होतं, हेतू चांगला पण चौदाव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकात रुळलेला शब्द चिकटवला की दुसरीच गडबड. शेवटी मी त्याचे दोन भाग केले. चोखामेळा महार जातीत जन्मले, त्या काळी ही जात अस्पृश्य मानली जाई, हे लेखकाचं सपाट विधान. आणि 'हीन' हा शब्द त्यांच्या अभंगाच्या ओळीसकट, त्यांच्या तोंडी, अवतरणचिन्हात. आता ती तक्रार चोखोबांची झाली, सरांचा निर्णय राहिला नाही. मराठीत हे काम वाचकाची आठवण करते, इंग्रजीत ते वाक्याला करावं लागतं, एवढाच फरक.

मग देह ठेवला. आपल्याकडे मरणाला किती क्रियापदं आहेत हे अशा वेळी कळतं. ज्ञानेश्वरांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली. तुकारामांचं वैकुंठगमन झालं. चोखोबांनी देह ठेवला. लेखात तिन्ही होती आणि माझ्या आधीच्या खर्ड्यात मी तिन्हीला सरसकट 'डाइड' करून टाकलं होतं, स्वच्छ, अकॅडेमिक, एकसारखं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर लेखातलं काहीतरी पार पुसून गेल्यासारखं वाटलं, कारण ही तीन क्रियापदं सरांनी सन्मान म्हणून वापरली असली तरी त्यांत माहितीपण आहे, परंपरा प्रत्येकाचा शेवट कसा लक्षात ठेवते ही माहिती. ज्ञानेश्वर स्वतः बसले, तुकाराम गेले, चोखोबांवर मात्र गावकुसाची भिंत कोसळली. गावासाठी भिंत बांधायला लावलेला माणूस, त्याच भिंतीखाली. इथे 'देह ठेवला' हा शब्द उलट खरं काय झालं ते झाकतो. म्हणून इथे मी डाइड ठेवलं आणि त्याच्या शेजारी भिंत आणली, जी सरांच्या वाक्यात नव्हतीच, त्यांनी गृहीत धरली होती. ज्ञानेश्वरांसाठी समाधी हाच शब्द ठेवून पहिल्यांदा अर्थ दिला. तुकारामांसाठी, परंपरा त्यांचा शेवट वैकुंठाला जाणं म्हणून सांगते, असं.

पण समाधीचाही घोळ आहेच. आळंदीची समाधी ही घेतलेली, महाद्वारातली समाधी ही बांधलेली. एकच शब्द, एकदा अवस्था, एकदा दगडी बांधकाम, आणि इंग्रजी वाचकाला योगवर्गातून फक्त पहिली माहीत. नामदेवरायांनी चोखामेळ्यांची ध्यानावस्था बांधली, असा काहीतरी अर्थ होत होता. बांधलेली असेल तिथे 'मेमोरियल' शब्द जोडला, आणि ती जागा नेमकी कुठे तेही टाकलं, देवळाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ, बाहेर. हा 'बाहेर' शब्द माझा. सरांनी नंतर तो पाहिला आणि काही बोलले नाहीत, तसाच राहू दिला.

खरा वाद झाला हाडांवर.

अस्थींतून विठ्ठल विठ्ठल असा नाद येत होता, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या. इंग्रजी अनुवादात हे जसंच्या तसं, घडलेली घटना म्हणून, शके सालाच्या शेजारी बसलं होतं. साल आणि बोलणारी हाडं एकाच सुरात. मी संपादकाच्या सवयीने पुढे 'अकॉर्डिंग टु लेजंड' घातलं आणि फाईल सरांना पाठवली. संध्याकाळी फोन.

"मॅडम, लेजंड म्हणजे खोटं ना हो?"

"खोटं असं नाही सर, आख्यायिका."

"मग आख्यायिका तरी का म्हणायचं? नामदेवरायांच्या नावावर अभंग आहेत त्यावर. मी काय मनाचं लिहिलंय का?"

"पण सर, हाडं बोलली हे तुम्ही इतिहास म्हणून सांगताय असं वाटतं."

"मी कुठे इतिहास म्हणतोय. मी सांगतोय." थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडे कुणी विचारत नाही की हे खरं का. विचारतात पुढे काय झालं."

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. कारण मराठीत खरोखरच अशी एक जागा आहे, सांगण्याची, कीर्तनकाराची, जिथून बोलताना तुम्ही घटनेला हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. सर आयुष्यभर त्याच जागेवरून लिहीत आले आणि मराठी नियतकालिकांत त्यांना कुणी हटकलं नाही. इंग्रजी शोधलेखाला ती जागा नाही, तिथे तुम्हाला आत किंवा बाहेर उभं राहावं लागतं, निदान मला तोपर्यंत तसं वाटत होतं.

तोडगा सरांनीच दिला खरं तर, 'नामदेवरायांच्या नावावर अभंग आहेत' म्हणाले त्यातच. मी लेजंड काढून टाकलं आणि अभंगालाच कर्ता केलं. नामदेवांच्या नावावरचे अभंग सांगतात की अस्थींतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं आणि त्यावरून त्या ओळखल्या गेल्या. बस. लेखक खरं म्हणत नाही, खोटं म्हणत नाही, अभंग सांगतो. आणि 'नावावरचे' हा शब्द अभ्यासकांना जे हवं ते देतो, कारण नामदेवांच्या नावावर पुढच्या अनेकांच्या रचना जमा झाल्यात हे सगळ्यांना माहीत आहे, सरांना तर फारच. सरांना वाचून दाखवलं. "हां, हे चालेल. हे तर मी म्हणालो तेच." तेच होतं की.

त्यानंतर सगळा लेख मी याच चाळणीने चाळला. जिथे जिथे वाक्य अवघडलं होतं तिथे भाषा तपासायचं सोडलं आणि विचारायला लागले, हे सर म्हणतायत, का संतचरित्रकार महिपती म्हणतायत, का अभंग, का आजचा वारकरी? उत्तर मिळालं की वाक्य बहुतेक वेळा आपोआप सुटायचं.

बहुतेक वेळा, कारण विशेषणांचं तसं नव्हतं. मराठी चर्चासत्रात उभं राहिल्यावर 'संतांनी अलौकिक आणि युगप्रवर्तक समाजप्रबोधन केले यात तिळमात्र शंका नाही' हे म्हणावंच लागतं, तो सभेला केलेला नमस्कार आहे, त्याला कुणी विधान समजत नाही. इंग्रजीत मात्र ते विधान होतं आणि प्रबोधन हे एनलायटनमेंट होऊन थेट अठराव्या शतकातल्या युरोपात जाऊन पडतं. अनुवादकाने तर मोठ्या अक्षराने सुरुवात केली होती. असं वाक्य नुसतं उडवलं तर सर दुखावणार, ठेवलं तर लेख भाषण वाटणार. मी काय केलं, की त्या वाक्याच्या मागे सरांना नक्की कशाचा अभिमान वाटतोय ते लेखात पुढे शोधलं. चार पानं सोडून सापडलं. सोयराबाई आपल्या अभंगात 'चोखियाची महारी' अशी सही करतात, जनाबाई 'नामयाची दासी' अशी. मोलकरीण आणि महार बाई, दोघींच्या नाममुद्रा आजही अभंगात जिवंत. हे उचलून वर आणलं आणि युगप्रवर्तकच्या जागी ठेवलं. सरांना विचारलं, चालेल का? म्हणाले, "शंका नाही हे राहिलं ना त्यात?" मी म्हटलं, राहिलं, न लिहिता. यावर ते फारसे खूश नव्हते, पण असू दे म्हणाले.

आता एक रुक्ष गोष्ट, पण ती सांगितलीच पाहिजे कारण चूक अशी आहे की नजरेला दिसत नाही. शके सालाचं इसवीसन करताना अनुवादकाने सगळीकडे 78 मिळवले होते. चोखोबा शके 1260, वैशाख, म्हणजे 1338, बरोबर. ज्ञानेश्वरांची समाधी शके 1218, कार्तिक, म्हणजे 1296, बरोबर. तुकाराम शके 1571 दिले होते, म्हणजे 1649? इथे थांबायचं. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला असते. शके साल सुरू होतं गुढीपाडव्याला, आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, म्हणजे तोवर इंग्रजी कॅलेंडरवर जानेवारी उलटून नवं साल लागलेलं असतं. मग मिळवायचे 79, आणि येतं 1650. पुस्तकांत 1649 आणि 1650 दोन्ही आकडे फिरताना दिसतात, त्यामागे हेही एक कारण असणार असं मला वाटतं. तेव्हापासून मी नुसता शके बघून कधी पुढे जात नाही, महिना बघते. पौष असेल तर तिथीसुद्धा, कारण तो नेमका दोन्ही सालांत पाय टाकून बसू शकतो.

नावांचं स्पेलिंगही एका बैठकीत उरकायचं काम आहे. एकाच लेखात तीन ज्ञानेश्वर निघाले, कारण अनुवादकाने मनाने एक लिहिलं होतं, अवतरणं दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून घेतली होती. सर्च बॉक्समध्ये `Dnyan`, मग `Jnan`, मग `Gyan` असं तिन्ही टाकून बघितलं. स्वतःच्या मजकुरात एकच रूप ठेवायचं, अवतरणात मूळ पुस्तकाचं जसं असेल तसं, आणि पहिल्याच टिपेत सांगून टाकायचं की हे सगळे एकच. नाहीतर बाहेरचा वाचक तीन माणसं समजतो, आणि त्यात त्याची काय चूक.

तर असं करत करत शेवटच्या पानापर्यंत आले. तिथे सर आषाढी वारीबद्दल लिहिता लिहिता जरा मोकळे झाले होते आणि ज्ञानेश्वर न म्हणता 'माउलींनी' म्हणायला लागले होते. अनुवादकाने 'द मदर' केलं, आणि एकदा मदर झाल्यावर सर्वनाम कसं सोडेल, पुढचा अख्खा परिच्छेद शी आणि हर. एका वाचकाने आधीच्या खर्ड्यावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं की या स्त्रीसंताचा परिचय आधी यायला हवा, ही मुक्ताबाई आहे का?

मी सगळीकडे 'ज्ञानेश्वर' केलं आणि 'शी', 'हर'च्या जागी 'ही', 'हिज' घातलं. ट्रॅक चेंजेसमध्ये ते पान लालेलाल झालं. सरांनी बाकी सगळं स्वीकारलं आणि एकाच ठिकाणी समासात लिहिलं, इथे माउली हवं.

मी फोन केला. म्हटलं, सर, बाहेरच्याला नाही कळणार. ते म्हणाले, "ते ज्ञानेश्वरांना म्हटलेलं नाहीये तिथे. नीट वाचा." नीट वाचलं. वाक्य होतं, दिंडीत गर्दीत धक्का लागला की माउली म्हणून माणसं एकमेकांच्या पाया पडतात. तिथे कुणी संतच नव्हता, नुसते चालणारे लोक होते, आणि मी फाईंड-रिप्लेसच्या भरात त्यांना एकमेकांना ज्ञानेश्वर म्हणायला लावलं होतं.

माउली रोमनमध्ये परत घातलं, तिरक्या अक्षरात. अर्थ दिला नाही, धक्का आणि नमस्कार वाक्यात होतेच.